सातबाऱ्याचं काम

पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी टिकवून गुपचूप दुसरी शोधणाऱ्या माणसाचा पहिला वैरी म्हणजे गुरुवार. बाकीचा महाराष्ट्र रविवारी आडवा होतो, पण भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या एमआयडीसीतले बरेच कारखाने गुरुवारी बंद असतात. विजेचा भार आठवडाभर वाटला जावा म्हणून कधीकाळी एकेका भागाला सुट्टीचा एकेक वार लावून दिला होता, त्यात आमच्या पदरात गुरुवार पडला. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय नशीबवान लोक आहेत! आठवड्याच्या मधोमध सुट्टी, खुशाल मुलाखत देऊन यावं. पण जिथं मुलाखत द्यायची तो कारखानाही याच पट्ट्यातला, त्यालाही गुरुवारचीच सुट्टी. तुम्ही मोकळे असता तेव्हा तुमची मुलाखत घेणारा साहेबही घरी गवार निवडत बसलेला असतो.

चाकणला रविवारी सुट्टी घेणाऱ्या कंपन्या आहेत, तिथं गुरुवारी जाता येतं. पण हा शोध तुम्हाला एकट्यालाच लागलेला नसतो. गुरुवारी सकाळी मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडून नाशिक रस्त्यानं चाकणकडे जाणारे, इस्त्रीचा शर्ट घातलेले दुचाकीस्वार मोजले, तर भोसरीतल्या निम्म्या क्वालिटी डिपार्टमेंटची हजेरी लागेल. कुरुळीच्या कोंडीत शेजारी उभ्या राहिलेल्या गाडीवर आपलाच मेंटेनन्सवाला असतो. दोघंही एकमेकांना पाहतात आणि दोघंही ट्रकच्या मागं लिहिलेलं लक्षपूर्वक वाचू लागतात.

म्हणून शेवटी कामाच्याच दिवशी सुट्टी काढावी लागते, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

माझी नोकरी टाइम ऑफिसात गेली. टाइम ऑफिस म्हणजे हजेरी, रजा, गेटपास आणि ओव्हरटाइमचा हिशोब ठेवणारी खोली. कारखान्यात कोण काय बनवतं ते मला कधी नीट कळलं नाही, पण कोण कधी जाणार आहे ते त्याच्या बायकोआधी कळायचं. वर्षभर एकही अर्धा दिवस न काढणारा माणूस पंधरा दिवसांत दोनदा दुपारनंतरचा हाफ डे मागतो. मग एके दिवशी 'बँकेच्या लोनसाठी' शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतो. लोनचं ठीक आहे, पण बँक अपॉइंटमेंट लेटरमधलं नोटीस पीरियडचं कलम कशाला विचारेल? त्याहून पक्की खूण म्हणजे जॉइनिंगची नेमकी तारीख विचारायला येणारा. त्याला ग्रॅच्युइटीची पाच वर्षं कधी भरतात ते पाहायचं असतं. १९७२ च्या कायद्यानं ही रक्कम देऊन माणसाला टिकवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात तिनं माणसाला निघायचा मुहूर्त काढून दिला.

लोकांना वाटतं की चोरून नोकरी शोधणाऱ्याला खंत वाटते ती कंपनीशी बेइमानी केल्याची. अजिबात नाही. कंपनीबद्दल कुणालाच काही वाटत नाही. कंपनी म्हणजे एक गेट, एक कँटीन आणि दर महिन्याला बँकेतून येणारा मेसेज. खंत वाटते ती सुट्टीच्या अर्जावर सही करणाऱ्या माणसापुढं. तो अर्ज वाचतो, चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "सगळं ठीक आहे ना रे घरी?" या एका वाक्यानं जेवढं पोट ढवळतं तेवढं कँटीनच्या सांबारानंही ढवळत नाही.

आता माझ्या मेहुण्याची गोष्ट सांगतो. तो भोसरीत प्रेस पार्ट्स बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर होता. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट तपासायचे, आणि ग्राहकाच्या लाइनवर एखादा वाकडा निघाला की तिकडे धावत जाऊन बाकीचे निवडून द्यायचे. पगार बरा, पण बरा म्हणजे निगडीत वन बीएचकेचा हप्ता भरून महिन्याच्या वीस तारखेला एटीएमसमोर उभं राहून विचार करावा लागेल इतपत. त्यानं चाकणला बघायचं ठरवलं.

पहिल्यांदा त्यानं नोकरी डॉट कॉमवरची प्रोफाइल जागी केली. हे संकेतस्थळ १९९७ पासून आहे, त्यामुळे त्यावर निदान दोन पिढ्यांनी साहेबाला फसवलं असेल. यात गोम अशी, की जिथं आपण नोकरी शोधतो तिथंच आपल्या कंपनीचं एचआर माणसं शोधतं. पैसे भरून सगळे बायोडाटा चाळता येतात, आणि गेल्या काही दिवसांत कोण हललं तेही गाळून बघता येतं. आपल्या कंपनीला प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे खरी. मेहुण्यानं ती वापरली. पण मालकाच्या तीन कंपन्या, तिन्हींची नावं वेगळी आणि एचआरचं टेबल एकच. यानं एक दार लावलं, दोन उघडी. शिवाय मधले कन्सल्टंट असतात. त्यांना मेकॅनिकलचा डिप्लोमा, पाच वर्षं अनुभव आणि भोसरी एवढंच दिसतं. अशा माणसाचा बायोडाटा उत्साहानं त्याच्याच कंपनीला धाडल्याचे प्रकार मी टाइम ऑफिसात स्वतः पाहिलेत. एचआरच्या मॅडम आम्हाला विचारायच्या, "हा कँडिडेट चांगला वाटतो. ओळखता का कुणी?" तो कँडिडेट तेव्हा पलीकडच्या शेडमध्ये गेज तपासत असायचा.

मग फोन येऊ लागतात. कन्सल्टंटचा फोन नेहमी अकराच्या सुमारास, म्हणजे लाइन ऐन भरात असताना येतो. शॉपवर फोन वापरायला बंदी, शिवाय दोनशे टनाची प्रेस चालू असताना कानात बोट घातलं तरी पलीकडचं काही कळत नाही. म्हणून स्क्रॅप यार्ड. पत्र्याच्या कात्रणांच्या ढिगामागं रेंज चांगली येते. मेहुणा पहिल्यांदा तिथं गेला तेव्हा टूल रूमचा एक आणि स्टोअरचा एक असे दोघं आधीच भिंतीकडे तोंड करून बोलत होते. नंतर तिघांत एक शिस्तच पडून गेली. एक आला की दुसरा पलीकडच्या ड्रमपाशी सरकायचा. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

पण जागा नेहमी मिळत नाही. एकदा कँटीनच्या रांगेत फोन आला आणि मागं साहेबच ताट घेऊन उभे. मेहुण्यानं फोन उचलला. तिकडून विचारलं, आत्ता पगार किती? हा म्हणाला, "साडेसहा." अपेक्षा? "नऊ." थोडं कमी चालेल का? "थोडं पुढंमागं बघू ना." नोटीस पीरियड? "दोन महिने लागतील." फोन ठेवला तेव्हा साहेबांनी विचारलं, "कुठली गाडी रे? साडेसहाची नवाला पोचते? शिवशाही असेल." मेहुणा हो म्हणाला. साहेब म्हणाले, "पण दोन महिने आधी बुकिंग? दिवाळीचं का?" मेहुण्यानं दिवाळीचंही हो म्हणून टाकलं.

दोन महिन्यांचा नोटीस पीरियड हे या सगळ्या धंद्यातलं मोठं दुखणं. पूर्वी महिनाभर असायचा, आता दोन-तीन महिने सर्रास लिहून घेतात. नव्या कंपनीला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो, आणि तीच नवी कंपनी स्वतःच्या माणसाला तीन महिने सोडत नाही. त्यामुळे जुळेल अशी जागा मिळेपर्यंत मुलाखती बऱ्याच द्याव्या लागतात. मुलाखती बऱ्याच म्हणजे हाफ डे बरेच, आणि हाफ डे बरेच म्हणजे कारणंही तेवढीच लागणार.

कारणाचंही एक शास्त्र आहे. आजारपण दुसऱ्यांदा सांगितलं की लोक भेटायला येतात. मुलाच्या शाळेतली पालकसभा चालते, पण वर्षातून किती वेळा? नातेवाईक मारावेत तर लोकांच्या लक्षात राहतात. एकाच काकांचा दहावा दोनदा करणारा माणूस आमच्या रेकॉर्डवर आहे. कारण असं हवं की जे संपता संपत नाही, ज्यात सरकारी कचेरी आहे आणि ज्याबद्दल ऐकणाऱ्याला सहानुभूती वाटून पुढचं विचारायचा कंटाळा येईल. मी मेहुण्याला ते कारण दिलं. माझ्या सगळ्या सेवेचा अर्क होता तो.

"सातबारा," मी म्हटलं.

"दाजी, आमच्या सातबाऱ्याला काय झालंय?"

"कुणाच्याही सातबाऱ्याला काहीतरी झालेलंच असतं. तू सांग तर खरं."

सातबाऱ्यावर तीन हाफ डे बिनबोभाट निघाले. मेहुणा सकाळी युनिफॉर्मवर जायचा, टिफिनच्या पिशवीत फॉर्मल शर्ट, गाडीच्या डिकीत काळे बूट आणि हातात सर्टिफिकेटांची चेनची फाईल. दुपारी दीडला पंच करून निघायचं, मोशीच्या अलीकडे पेट्रोल पंपावर शर्ट बदलायचा आणि सेफ्टी शूज डिकीत टाकायचे. एका ठिकाणी मुलाखतीनंतर प्लँट दाखवायला नेताना सिक्युरिटीनं त्याचे बूट पाहून अडवलं आणि भोकं पडलेले, दहा नंबरचे, व्हिजिटरसाठी ठेवलेले सेफ्टी शूज दिले. स्वतःचे, मापाचे, आयएसआय मार्कवाले बूट बाहेर डिकीत ठेवून हा फटक-फटक करत अख्खा प्रेस शॉप फिरला.

गेटवरचं व्हिजिटर रजिस्टर मात्र वाचण्यासारखं असतं, असं तो म्हणाला. नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचं, काम काय. 'कुठून आलात' या रकान्यात आदल्या दोन पानांवर एकाही कंपनीचं नाव नव्हतं. 'पर्सनल', 'सेल्फ', 'घर', 'निगडी', एकानं नुसतं 'पुणे', एकानं 'वरील प्रमाणे'. मेहुण्यानं 'खटाव' लिहिलं. ते त्याचं गाव, म्हणजे तालुका. निदान एका रकान्यात तरी खरं लिहिल्यानं त्याला जरा बरं वाटलं.

मुलाखतीत एक गंमत होते, ती कुणी सांगत नाही. माणूस आपल्या कंपनीबद्दल आयुष्यात कधी बोलला नसेल इतकं चांगलं तिथं बोलतो. कारण पुढचा विचारतो, रिजेक्शन कसं कमी केलंत? मग सांगावं लागतं की डायची क्लिअरन्स वाढली होती, ती कशी सापडली, फिक्स्चर कसं बदललं. आणि ते सांगताना दर दोन वाक्यांनी "आमचे साहेब म्हणाले" येतं, कारण रात्री अकरापर्यंत डाय उघडून साहेबच सोबत बसले होते. शेवटी पलीकडच्यानं विचारलं, "साहेब इतके चांगले आहेत तर सोडताय कशाला?" मेहुणा म्हणाला, "ग्रोथ." हे उत्तर इकडे देवळातल्या 'जय हरी'सारखं आहे. त्यापुढं कुणी काही विचारत नाही.

मोजमापाच्या यंत्राबद्दल क्वालिटीवाल्यांचा एक नियम आहे. गेजची चूक दहा टक्क्यांच्या आत असेल तर बिनघोर वापरा, तीसच्या वर गेली तर गेज बाद, आणि मधे असेल तर काम बघून चालवून घ्या. मेहुण्याचं मन तेव्हा बावीस-तेवीसवर होतं. चालत होतं, पण सही करताना हात थबकायचा. चौथ्या हाफ डेला ते तीसच्या वर गेलं.

त्या दिवशी साहेबांनी अर्ज बाजूला ठेवून विचारलं, "अरे, हे सातबाऱ्याचं काय चाललंय तुझं इतके दिवस? अडलंय कुठं?"

मेहुणा म्हणाला, "तलाठी भेटत नाहीत."

"तलाठी कुठले आता, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पण माझा साडू सातारा जिल्ह्यात सर्कल आहे. आधी का नाही सांगितलंस? गट नंबर बोल."

सरकारनं जमिनीचे कागद ऑनलाइन आणले, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. गुपचूप नोकरी शोधणाऱ्यांचं काय होईल याचा विचार एकानंही केला नाही. पूर्वी सातबारा म्हणजे तलाठ्याच्या कपाटातली गोष्ट होती. तिच्या नावावर माणूस वर्षभर फिरू शकत होता. आता जिल्हा, तालुका, गाव टाकलं की उतारा समोर. मेहुण्यानं शेवटचा प्रयत्न केला. गट नंबर पाठ नाही म्हणाला. साहेब म्हणाले, "काही अडत नाही, आडनावावरही निघतो." आणि त्यांनी तिथंच, जेवणाच्या सुट्टीत, ताटाशेजारी मोबाइल ठेवून, चष्मा कपाळावर चढवून खटाव तालुका उघडला.

मेहुणा मला सांगत होता, की त्या दोन मिनिटांत त्यानं राजीनाम्याचा मजकूरही मनात तयार केला होता.

साहेबांनी उतारा वाचला आणि मान हलवली. "बरोबर आहे तुझं. आजोबांचंच नाव आहे अजून. वारले कधी?"

आजोबा जाऊन वीसेक वर्षं झाली होती. वारस नोंद झालीच नव्हती. माझ्या सासऱ्यांना वाटत होतं थोरल्या भावानं केली, थोरल्याला वाटत होतं धाकट्यानं केली असेल. मेहुण्यानं जी थाप म्हणून मारली, ती सरकारदरबारी अक्षरशः खरी निघाली. (त्या जमिनीत आमच्या सौभाग्यवतींचाही पुढंमागं हिस्सा निघतो, त्यामुळे यापुढची हकिगत सांगताना मी तटस्थ आहे असा दावा करत नाही.)

पुढं जे झालं ते साहेबांमुळे. साडूला फोन गेला. आजोबांचा मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून निघाला. सगळ्या वारसांची नावं लिहून प्रतिज्ञापत्र झालं. त्यात दोन आत्या, त्यातली एक बेळगावला. तिला फोन करून समजावण्याचं काम सासूबाईंनी केलं आणि जुन्या एका पैठणीचा विषय निघाल्यानं ते आठवडाभर लांबलं. मग फेरफाराची नोंद धरली गेली. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली. हरकत कुणाचीच आली नाही की सर्कल नोंद मंजूर करतो आणि नवी नावं सातबाऱ्यावर येतात, इतकं ते सरळ आहे. सरळ असलेली गोष्ट वीस वर्षं पडून राहायला फक्त घरात तीन भाऊ लागतात.

या पंधरा दिवसांत साहेब रोज सकाळी प्रॉडक्शन मीटिंगच्या आधी विचारायचे, "काय, हरकत नाही ना कुणाची?" आणि याच पंधरा दिवसांत चाकणच्या कंपनीचं ऑफर लेटर मेलवर आलं. नऊ नव्हे, सव्वाआठ. पण बस, कँटीन आणि घरच्यांसकट मेडिक्लेम. स्वीकारायला मुदत एक आठवडा.

मेहुण्याची झोप गेली. तो रात्री मला फोन करायचा. "दाजी, आत्ता राजीनामा दिला तर साहेबांना काय वाटेल? काम होईपर्यंत थांबलो तर ऑफर जाईल. काम झाल्यावर लगेच दिला तर अजूनच वाईट, काम करून घेतलं आणि पळाला." मी त्याला सांगितलं की कंपनीकडे कायद्यानं बघ, भावनेनं बघू नकोस. तो म्हणाला, "कंपनीचं कोण बोलतंय?" त्यातच सासऱ्यांचा फोन. "असा साहेब जन्मात भेटायचा नाही. त्याला सोडून कुठं जाऊ नकोस." आणि सोबत साहेबांसाठी गावाहून एक पोतं ज्वारी आणि पाच किलोचा तुपाचा डबा निघालाय, तो गेटवर पोचता कर, असा निरोप.

मेहुण्यानं डोकं चालवून ऑफर स्वीकारल्याचा मेल शेवटच्या दिवशी रात्री पावणेबाराला टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूचा निरोप आला, नोंद मंजूर. त्याच दुपारी ज्वारीचं पोतं सिक्युरिटी केबिनला टेकवून, इनवर्डच्या वहीत 'मटेरियल: ज्वारी, नॉन-रिटर्नेबल' अशी नोंद करून, हा राजीनामा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

साहेबांनी कागद वाचला. कुठं, किती, कधीपासून, एवढंच विचारलं. सव्वाआठ ऐकून म्हणाले, "मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत का बघून घे, नुसतं 'फॅमिली' लिहिलं तर धरत नाहीत." मेहुण्याला राहवेना. तो म्हणाला, "सर, मी तुमच्याशी खोटं..."

"कळलं होतं मला," साहेब म्हणाले. "दुसऱ्या हाफ डेलाच. तलाठ्याकडे जाणाऱ्या माणसाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. तुझ्या हातात चेनची फाईल होती."

"मग तुम्ही साडूंना फोन का केलात?"

"उतारा उघडल्यावर बघितलं तर खरंच अडलेलं होतं. नोकरी काय, तू नाही तर दुसरा कुणी सोडणारच. वारस नोंद राहिली की पुढं पोरांची डोकी फुटतात." मग त्यांनी राजीनाम्यावर तारीख घालून सही केली, कॅलेंडर ओढलं आणि पेन्सिलीनं एक आठवडा गोल केला. "कस्टमरचं ऑडिट या आठवड्यात आहे. तुझे दोन महिने त्याच्या नंतर संपतात. तोवर एकही हाफ डे मागायचा नाही. आणि तुपाच्या डब्याला झाकण नीट लावून आणलंय ना? मागच्या वेळी स्टोअरवाल्याच्या डब्यातलं अर्धं गाडीत सांडलं होतं."